आबांच्या मनगटावरची हाक

माझं बूड एका जागी टेकत नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. पण त्या उन्हाळ्यात जे झालं ते वेगळंच. जेवताना उठायचे, उठून पाणी प्यायचे, पाणी पिता पिता फोन बघायचे. सांगलीत असले की फलटणला काय चाललंय याचा घोर, फलटणला गेले की कुपवाडच्या कारखान्यात टेबलावर अर्धवट सोडलेल्या सर्किटचा घोर. नवरा म्हणाला, "तू एकदा ठरव, कुठं राहून काळजी करायचीय ते." मी त्याच्यावर अशी डाफरले की त्यानं आठवडाभर सल्ला दिला नाही.

कारण असं. दिवाळीनंतर आईला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. डॉक्टर म्हणाले, जीव वाचला हेच नशीब. फलटणपासून जरा आत, उसाच्या पट्ट्यात आमचं घर. तिथं आई आणि आबा, दोघंच. आबा तोफखान्यात होते. तोफांनी त्यांचे कान आधीच अर्धे नेले होते, उरलेले वयानं नेले. कानातलं मशीन आणून दिलं तर ते शिट्टी मारतं म्हणून त्यांनी कपाटात ठेवलं. "त्या शिट्टीपरीस बहिरा बरा," म्हणाले. म्हणजे घरात एक माणूस ज्याला नीट बोलता येत नाही, आणि दुसरा ज्याला ऐकू येत नाही. वा!

होळीच्या सुमारास आई खाटेवरून घसरून पडली. आबा बाहेर ओसरीवर, दहा पावलांवर, पेपर वाचत बसले होते. ती हाका मारत होती. यांना पत्ताच नाही. पेपर संपवून पाणी प्यायला आत आले तेव्हा दिसली. मला फोनवर हे सांगताना आबांचा आवाज कापत होता. आबांचा आवाज कापलेला मी त्याआधी ऐकला नव्हता.

मग माझा धाकटा भाऊ सुट्टीवर आला. तोही फौजेतच. आल्या आल्या त्यानं हुकूम सोडला. "दोघांना सांगलीला आक्काकडं न्यायचं. म्हशी विकायच्या. विषय संपला."

आई डाव्या हातानं खाटेची कड धरून बसली आणि मान हलवत राहिली. नाही, नाही, नाही. बोलता येत नव्हतं तरी तिचं म्हणणं गल्लीपर्यंत पोचत होतं. माझा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. तिथं गेल्यावर ती परत खाली उतरणार नाही, हे तिलाही कळत होतं आणि मलाही.

"माझी सुट्टी संपायच्या आत काय तरी पक्की सोय दाव," भाऊ मला म्हणाला. "आईनं बोलावलं आन् आबा आले, एवढं मला डोळ्यांनी दिसू दे. न्हाईतर मी टेंपो सांगतो."

मी म्हणाले, "दावते." माझी जीभ माझ्या डोक्याच्या आधी पळते, हे जन्माचं दुखणं आहे.

आता सोय काय? आबांनाही ऐकू जाईल अशा कर्कश घंटीचं बटण आम्ही देऊन पाहिलं होतं. ते गोधडीत हरवतं, आणि पडली त्या दिवशी ते खाटेवर होतं आणि आई फरशीवर. मोबाइलला तिचं बोलणं कळत नाही, शिवाय तिथं रेंज येते आणि जाते. मी कुपवाडमध्ये एका छोट्या कारखान्यात मोटारपंपाच्या पॅनलसाठी सर्किटं करते. म्हणून डोक्यात आलं ते असं. आईच्या उशाशी हाताच्या पंजाएवढी डबी. डबीत मायक्रोफोन आणि एक बारकी चिप. चिप सारखी कान देऊन बसणार, बाकी सगळं झोपलेलं, म्हणजे बॅटरी टिकते. ठरलेला एक शब्द ऐकू आला की चिप बाकीच्या यंत्राला जागं करणार, आणि ते रेडिओनं आबांच्या मनगटावरच्या पट्ट्याला खबर देणार. पट्टा थरथरणार. बहिऱ्या माणसालाही थरथर कळते. इंटरनेट नको, काही नको. आवाज डबीच्या बाहेर जातच नाही.

शब्द कुठला घ्यायचा? 'आवं' सारखा लहान शब्द चालत नाही, तो कुठल्याही आवाजात सापडतो. तीन-चार अक्षरांचा, ठसठशीत पाहिजे. आबांनी तत्काळ सुचवला: "खबरदार!"

आई तोंडाच्या एका बाजूनं हसली. इतकी वर्षं नवऱ्याला खबरदार म्हणायची संधी मिळाली नव्हती, आता सरकारी मंजुरीनं मिळणार होती. सकाळी चहा झाल्यावर, पाठीला लोड लावून, मी तिच्याकडून तो शब्द पुन्हा पुन्हा म्हणवून घेतला. तिचं ते 'अबदाऽ' असं व्हायचं, पण ती नेटानं म्हणायची. पाहुण्यांसमोर पोरीनं कविता म्हणावी तशी.

कारखान्यातही सगळ्यांना कामाला लावलं. मालकांपासून वेल्डरपर्यंत जो दिसेल त्याला माझ्या टेबलापाशी उभा करून खबरदार म्हणायला लावायचे. लेथ चालू असताना, लेथ बंद असताना, जवळून, लांबून. आपल्याला नुसतं ऐकलं की कळतं, म्हणून सोपं वाटतं. चिपला तसं कळत नाही. ती आवाजाचे बारीक बारीक काप करते, प्रत्येक कापात खर्जाचा भाग किती, किनरा भाग किती हे मोजते, आणि त्या आकड्यांचं एका सेकंदाचं चित्र मांडते. मॉडेल ते चित्र बघून गुण देतं, की हे त्या शब्दासारखं कितपत आहे. गुण ठरलेल्या रेषेच्या वर गेले की पट्टा थरथरतो. शिकवायचं मोठ्या कॉम्प्युटरवर, आणि शिकून झालं की त्यातले आकडे दाबून बारीक करून चिपमध्ये बसवायचे. चिपमध्ये जागा ती किती? मुंगीच्या बिळात संसार मांडायचा.

पहिली डबी नेऊन लावली आणि नुसता गोंधळ. टीव्हीवरच्या मालिकेतली सासू 'खबरदार' म्हणाली की आबा धावत यायचे. ते एक समजू शकते, शब्दच तो. पण गोठ्यात वैरण कापायची कडबाकुट्टी सुरू झाली तरी पट्टा थरथरायचा. भांडं आपटलं तरी थरथरायचा. आबा दिवसभर धावून धावून घामाघूम.

"आगं, मला परेडला लावलंस का काय!"

टीव्ही दुसऱ्या खोलीत हलवला. बाकीच्या आवाजांवर उपाय असतो. मॉडेलला शब्द शिकवायचा तसाच 'शब्द नसणं' पण शिकवायचं. त्यासाठी त्या घराचेच आवाज लागतात. मी आईला सांगून तिच्या उशाशी एक रेकॉर्डर ठेवला, अख्खा दिवस. पंखा, कुकर, चिमण्या, कडबाकुट्टी, सगळं त्यात आलं. रेकॉर्डर घेऊन मी परत सांगली गाठली, त्या दिवसभराच्या आवाजाचे एकेका सेकंदाचे तुकडे पाडले आणि सगळेच्या सगळे 'घरातला आवाज, दुर्लक्ष कर' या खान्यात ओतले. ऐकत कोण बसतंय! त्यात एक खबरदार नव्हता. टीव्ही दिवसभर बंद ठेवल्याचं आबांनी सांगितलं होतं. आईला मी सांगितलंच होतं, आज तो शब्द म्हणायचा नाही.

नवीन मॉडेल झकास झालं. कारखान्यात चाचणी घेतली, कडबाकुट्टीचा आवाज मोठ्यानं लावला, पट्टा ढिम्म. खबरदार म्हटलं की लगेच थरथर. आईच्या सकाळच्या नमुन्यांनाही बरोबर. माझ्या अंगात वारं भरलं. विटा-दहिवडी मार्गे फलटणची एसटी पकडली आणि वाटेत मांडीवरची डबी सारखी उघडून बघत राहिले. शेजारची बाई म्हणाली, "काय सोनं हाय का वं त्यात?"

भावासमोर आईनं खबरदार म्हटलं. आबा ओसरीवरून आले. पुन्हा म्हटलं, पुन्हा आले. भाऊ म्हणाला, "बरं. आता आपण दोघं वस्तीवर जाऊन येऊ. ह्या दोघांना राहू दे एकटं. आपण असताना सगळंच चालतं."

तास-दीड तासानं परत आलो. आबा ओसरीवर पेपर वाचत होते. आत आई खाटेच्या कडेला, डावा पाय खाली लोंबलेला, लुगड्याला ओल, आणि डोळे भरलेले. ती खाटेवरून पडली नव्हती एवढंच. घसा बसला होता तिचा.

आबांनी आम्हाला पळताना बघितलं आणि मागून आले. आईकडं बघितलं, मनगटाकडं बघितलं. पट्ट्याचा हिरवा दिवा लुकलुकत होता. यंत्र ठणठणीत चालू.

"आक्का, बास आता," भाऊ म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग असता तर मी भांडले असते. राग नव्हता, हेच वाईट. "मी सोमवारचा टेंपो सांगतो."

आई भिंतीकडं तोंड करून पडली. मी तिचं लुगडं बदललं, तर तिनं मला मदतसुद्धा केली नाही. मला इतका संताप आला होता की तो कुणावर काढावा कळेना. त्या डबीवर, भावावर, त्या तोफांवर. शेवटी मी आईवरच काढला. "शब्द का म्हटला नाहीस गं? एवढा घोटून घेतला होता!" तिनं एकदा माझ्याकडं बघितलं. मग मान वळवली.

दुसऱ्या दिवशी डबी आणि पट्टा घेऊन कुपवाडला कामावर गेले आणि सगळं उघडून बसले. मायक्रोफोन तपासला, चांगला. रेडिओ तपासला, चांगला. गुणांची रेषा खाली आणून बघितली. जेवणाच्या सुट्टीत सगळे डबे उघडून बसले होते, मालक म्हणाले, "मॅडम, दोन घास खा तरी." मी खाल्लं नाही. काय सुचलं कोण जाणे, कानात हेडफोन घातले आणि तो 'घरातला आवाज' पहिल्यांदा ऐकायला लागले. वाटलं, निदान घर तरी ऐकावं.

पंखा. चिमण्या. लांबून ट्रॅक्टर. मग आईचा आवाज.

माझं नाव.

घरातलं नाव. शाळेतलं नाही, घरातलं, तीन अक्षरी, जे इथं सांगत नाही कारण ते आईबापांपुरतंच आहे. पहिलं अक्षर तिच्या जिभेला पेलत नव्हतं, ते गळूनच गेलेलं. मधलं घोळलेलं. शेवटचं लांबच लांब ओढलेलं. मग थोडा वेळ नुसता पंखा. मग परत माझं नाव, जरा मोठ्यानं. मग परत. पुढं कधीतरी आबांची चप्पल वाजली, ते आपणहून आले असणार, आणि तांब्याचा आवाज आला.

दिवसभरात असं कितीतरी वेळा होतं. आणि खबरदार म्हणायचं नाही एवढंच मी सांगितलं होतं. हाक मारायची नाही असं कोण कुणाला सांगतं?

मी ते सगळे तुकडे कुठं ओतले होते? 'दुर्लक्ष कर' मध्ये. मी त्या यंत्राला घोटून घोटून शिकवलं होतं, की ही बाई पोरीला हाक मारते तेव्हा ढिम्म राहायचं. आणि ते शहाणं यंत्र राहिलं.

मी टेबलावरच रडले. सगळ्यांसमोर, डब्यांच्या वासात. ती मला बोलावते. मी सव्वाशे किलोमीटरवर बसलेय आणि ती मला बोलावते. वर मी तिलाच रागावून आलेय.

भावाला फोन लावला, फोन स्पीकरवर टाक आणि आबांच्या कानाला लाव म्हटलं. ओरडून ओरडून सांगितलं. अख्ख्या कारखान्याला कळलं, आबांना कळायला वेळ लागला. मग आबा हसायला लागले.

"आगं येडे, ती तुला न्हाई बोलवत! मला बोलावती!"

"तुमाला? माझ्या नावानं?"

"मग काय माझ्या नावानं? तिनं कवा घेतलंय का माझं नाव? तू झालीस तवापास्नं तुझ्याच नावानं हाक मारती. मला ऐकू येत व्हतं तवर मी जात व्हतो की."

आणि मला धाडकन आठवलं. लहानपणी स्वयंपाकघरातून माझ्या नावानं हाक यायची. मी खेळ टाकून पळत जायचे, तर आई चुलीपुढून म्हणायची, "तुला न्हाई गं. तेंला." मागून आबा आलेले असायचेच. मी चिडून परत जायचे. गावातल्या सगळ्याच बाया तसं करायच्या, थोरल्या लेकराच्या नावानं नवऱ्याला बोलवायच्या, त्यामुळं त्यात नवल वाटावं असं काही नव्हतं. सासरी येऊन, शिकून, नवऱ्याला नावानं हाक मारून मारून मी ते साफ विसरले होते. झटका आला, जीभ गेली, तरी आईची हाक तीच राहिली. अडचणीत माणसाला घोकलेला शब्द आठवत नाही, जिभेवर असेल तोच येतो.

बरं वाटलं का? खरं सांगू, थोडं वाईटच वाटलं. ती मला बोलवत नव्हती म्हणून. माणसाचं मन असं चमत्कारिक असतं. पण रडत बसायला वेळ कुठं होता, सोमवार तोंडावर आलेला.

एका खान्यातले तुकडे उचलून दुसऱ्या खान्यात टाकायचे. ऐकायला सोपं, पण मी पाडलेले तुकडे एका सेकंदाचे, आणि आईची हाक सेकंदात मावत नाही. तिचं शेवटचं अक्षरच केवढं लांब. मूळ रेकॉर्डिंगवरून सगळ्या हाका नव्यानं कापल्या, खिडकी दोन सेकंदांची केली. खिडकी वाढली की चिपमधली जागा पुरत नाही, म्हणून मॉडेल दुसरीकडून छाटलं. आईच्या हाका तशा थोड्याच, तेवढ्यांवर मॉडेल शिकत नाही. म्हणून त्याच हाका पंख्याच्या, कुकरच्या, कडबाकुट्टीच्या आवाजात मिसळून, थोड्या पुढं-मागं सरकवून वाढवल्या. शिवाय दुसऱ्यांचे आवाज हवेत. म्हणजे अख्ख्या कारखान्यानं मला माझ्या घरातल्या नावानं हाक मारायची!

मालक लाजले. "मॅडम, असं कसं म्हणू वं मी?"

"म्हणा. मोठ्यानं म्हणा. बायकोला बोलावताय असं समजून म्हणा."

"तिला मी कवा मोठ्यानं बोलावलंय?" बिचारे म्हणाले. पण म्हटलं. वेल्डरनं तर अशी आरोळी दिली की शेजारच्या कारखान्यातलं माणूस डोकावून गेलं. अजूनही तो मला गेटवर त्याच नावानं सलाम ठोकतो आणि मी त्याला अजूनही शिव्या देते.

गुणांची रेषा मी मुद्दाम सैल ठेवली. आबा चार वेळा उगाच धावले तर त्यांचा व्यायाम होईल. एकदा नाही धावले तर आई सांगलीला. आणि तसंही, उगाच धावायचा धोका फारसा नव्हता. टीव्हीत ते नाव नाही, गल्लीत ते नाव नाही. त्या घरात माझं ते नाव आता आईशिवाय कुणी घेतच नव्हतं. यंत्रासाठी याहून चांगला शब्द नाही. हे मला कामाच्या टेबलावर कळलं आणि मी तशीच पुढच्या कामाला लागले.

रविवारी घरी पोचले तर ओसरीवर गाद्यांची वळकटी बांधलेली. भावानं भांड्यांची पोती भरलेली. आबा म्हशींपाशी उभे होते, नुसते उभे. मी कुणाशी न बोलता आत गेले, नवं मॉडेल घातलेली डबी उशाशी लावली, पट्टा आबांच्या मनगटावर परत बांधला. आईला म्हटलं, "खबरदार-बिबरदार काय म्हणू नको. तू जसं बोलावतीस तसं बोलव."

ती लाजली. झटका आलेली, साठी ओलांडलेली बाई, अर्ध्या चेहऱ्यानं लाजली. आणि गप्प बसली. आम्ही सगळे वाट बघत उभे, आणि ही गप्प. सगळ्यांसमोर नवऱ्याला कशी हाक मारायची! भाऊ घड्याळ बघायला लागला. माझ्या जिवाची नुसती तगमग. बसले, उठले, परत बसले. शेवटी आबाच म्हणाले, "मी म्हशी बघतो," आणि गोठ्यात गेले. भाऊ पोत्याला गाठ मारायला बाहेर गेला. मी मोरीत जाऊन तोंडावर पाण्याचे हबके मारत राहिले. एसटीची सगळी धूळ, चार दिवसांचा राग, सगळं.

तशीच ओल्या तोंडानं दारात आले. आईनं माझ्याकडं बघितलं. डावा हात जरासा उचलला, खुंटीवरच्या टॉवेलाकडं बोट केलं आणि मला हाक मारली. पहिलं अक्षर गळालेलं, शेवटचं लांबच लांब.

मी टॉवेलाकडं हात केला, तोवर बाहेर बादली आडवी झाली. आबा पळत आले. अनवाणी, हाताला पेंड लागलेली. दारात मी होते, मला बाजूला ढकलून ते सरळ खाटेपाशी गेले, आईच्या पाठीखाली हात घातला.

"काय पायजे? पानी का? उठायचंय का?"

मागून भाऊ येऊन उंबऱ्यात थांबला होता. पोत्याची दोरी त्याच्या हातात तशीच.

आईनं आबांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. जीभ चालत नव्हती, तरी एकेक अक्षर गोळा करून म्हणाली,

"तुमास्नी... न्हाई वं. तिला."